गोळ्या, मिठाई आणि पेयांतील प्राणिज घटक : कारमाइन, शेलॅक व जिलेटिन

कारमाइन, शेलॅक आणि जिलेटिन हे गोळ्या-चॉकलेटे, जेली, आइसक्रीम व रंगीत पेये यांत वापरले जाणारे प्राणिज घटक असून, चव किंवा वास यांवरून ते खाणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. पहिला रंगासाठी, दुसरा चकाकीसाठी आणि तिसरा घट्टपणासाठी घालतात.

कारमाइन हा गडद लाल रंग कोचिनील नावाच्या खवले किडीपासून मिळतो. ही कीड फड्या निवडुंगाच्या पानांसारख्या फांद्यांवर चिकटून रस शोषते. तिचे सर्वाधिक उत्पादन पेरू देशात होते. माद्या खरवडून किंवा ब्रशने झाडून गोळा करतात, मारून वाळवतात आणि पाण्यात उकळतात. त्या अर्कात तुरटीसारखा ॲल्युमिनियमचा क्षार घातला की रंग साक्याच्या रूपात खाली बसतो. एक किलो वाळलेल्या कोचिनीलसाठी साधारण दीड लाख किडे लागतात. उष्णता आणि प्रकाश यांत हा रंग टिकतो, म्हणून स्ट्रॉबेरी स्वादाचे दही व पेये यांत त्याला मागणी असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. त्यामुळे अमेरिकेत 2011 पासून त्याचे नाव लेबलवर स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. घटकांच्या यादीत त्याचा क्रमांक 120 असतो. येथे एक गोंधळ नेहमी होतो : 124 क्रमांकाचा ‘पोन्सो 4आर’ हा रंग ‘कोचिनील रेड ए’ या नावानेही विकला जातो, परंतु तो कारखान्यात बनणारा कृत्रिम रंग असून त्यात कीटक नसतो. म्हणून नावापेक्षा क्रमांक वाचणे अधिक विश्वासार्ह ठरते.

शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. महाराष्ट्रात लाखेचे उत्पादन मुख्यतः पूर्व विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला होते. देशात झारखंड आणि छत्तीसगड आघाडीवर आहेत. पळस, बोर किंवा कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बीजलाखेच्या काड्या बांधतात. त्यांतून बाहेर पडलेली लाखेच्या किड्याची बारीक पिल्ले फांदीत सोंड खुपसून एकाच जागी बसतात आणि अंगाभोवती राळेसारखा स्राव सोडतात. हजारो किड्यांचे हे आवरण एकत्र मिळून फांदीवर जाड कवच तयार होते. कवच खरवडले, की त्यात लाखेबरोबर मेलेले किडे, काटक्या आणि लाल रंगही येतो. ते कुटून वारंवार धुतात. धुण्याचे पाणी लालभडक होते आणि मागे दाणेदार लाख उरते. पारंपरिक पद्धतीत ती लांब कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर तापवतात, पिशवी पिळून वितळलेली लाख गाळतात आणि तिचे पातळ पापुद्रे ओढतात. खाद्यपदार्थांसाठी मात्र बहुधा मेण काढलेली, विरंजन केलेली लाख अल्कोहोलमध्ये विरघळवून वापरतात. गोळ्यांवर तिचा पातळ थर दिला की त्या चमकतात, एकमेकींना चिकटत नाहीत आणि दमट हवेतही सुकलेल्या राहतात. लेबलवर ‘शेलॅक’, ‘कन्फेक्शनर्स ग्लेझ’ किंवा 904 असा उल्लेख असतो.

भारतीय ग्राहकाने एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांतील मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाशीचे मेण यांच्याबरोबर शेलॅकही वगळलेले आहे. त्यामुळे शेलॅकचा थर असलेल्या गोळीच्या पाकिटावर हिरवा ठिपका कायदेशीरपणे असू शकतो. कीटकजन्य पदार्थ कटाक्षाने टाळणाऱ्याला, मग तो जैन असो वा व्हीगन, केवळ ठिपका पाहून चालत नाही. यादीतील 904 शोधावा लागतो.

जिलेटिन गुरांची व डुकरांची कातडी आणि हाडे यांपासून बनते. हाडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यांतील खनिजे काढतात, उरलेला लवचीक भाग चुन्याच्या पाण्यात अनेक आठवडे भिजवतात आणि मग गरम पाण्यात त्यातील कोलॅजेनचे जिलेटिन करून घेतात. मार्शमॅलो आणि रबरासारख्या चघळायच्या गोळ्यांचा पोत त्यातूनच येतो. जिलेटिनची जेली शरीराच्या तापमानालाच वितळते, म्हणून ती जिभेवर विरघळते. चायना ग्रासची जेली उलट तोंडात तुटते, पण वितळत नाही, कारण तिला सुमारे 85 अंशांची उष्णता लागते. घरी ओळखायला हा फरक उपयोगी पडतो, मात्र मिश्रणे असतील तर तो फसवू शकतो.

जिलेटिनचा सर्वात लपलेला वापर पेयांत होतो. फळांचा रस किंवा वाइन निवळ करण्यासाठी जिलेटिन घातले, की ते टॅनिनशी जोडले जाऊन तळाशी बसते आणि गाळून काढले जाते. पिवळ्या-नारिंगी पेयांत बीटा-कॅरोटीनचे कण विखुरलेले राहावेत म्हणून कधी त्यांभोवती जिलेटिनचे आवरण असते. निवळ करणे ही प्रक्रियेतील पायरी असल्याने तिचा उल्लेख बहुधा घटकांच्या यादीत येत नाही, आणि अशा पेयाबाबत खात्री हवी असेल तर उत्पादकालाच विचारावे लागते.