सबस्ट्रिंग शोधताना दोन लूप म्हणजे चूकच का?

«`n` लांबीच्या मजकुरात `m` लांबीचा पॅटर्न शोधायला दोन लूप लावले की `O(nm)` वेळ लागतो. मग नेहमी केएमपी अल्गोरिदमच लिहायचा ना?»

नाही. ती वाईटात वाईट स्थितीची मर्यादा आहे. आतला लूप पहिलं न जुळणारं अक्षर दिसताच थांबतो, हे लोक विसरतात. 26 अक्षरं समप्रमाणात आणि कशीही विखुरलेली असतील, तर प्रत्येक जागी सरासरी 1.04 तुलना होतात. चारच अक्षरं असली तरी 1.33. लॉग फाइलमध्ये एखादा शब्द शोधायला साधा लूप बिनधास्त वापरा.

गाडी अडते ती पुनरावृत्तीत. मजकुरात एक लाख `a` आहेत, पॅटर्नमध्ये 49,999 `a` आणि शेवटी `b`. आता प्रत्येक जागी तुलना थेट शेवटच्या अक्षरापर्यंत जाऊन फसते. 50,001 जागा गुणिले 50,000, म्हणजे सुमारे 250 कोटी तुलना. इथे केएमपीचं प्रीफिक्स टेबल हवंच: पॅटर्नच्या प्रत्येक अक्षरापर्यंतच्या तुकड्याची सुरुवातीची जास्तीत जास्त किती अक्षरं, अख्खा तुकडा न धरता, त्याच्या शेवटीही तशीच येतात, हे त्यात लिहिलेलं असतं. छोट्या `aaaab` चं टेबल बघा:

```
a a a a b
0 1 2 3 0
```

चार `a` जुळून `b` वर अडलं, की चौथ्या `a` खालचा 3 सांगतो: पॅटर्न एक घर सरकवा, तीन अक्षरं जुळलेलीच आहेत. मजकुरात मागे जावंच लागत नाही. 250 कोटींचं काम टेबल बांधण्यासकट तीन लाख तुलनांच्या आत होतं.

तिसरा मार्ग रोलिंग हॅशचा: मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा एक आकडा काढायचा आणि एक घर सरकलं की तो आधीच्या आकड्यावरूनच बदलायचा. त्याचा खरा फायदा एकाच लांबीचे अनेक पॅटर्न एकदम शोधताना. मात्र हॅश जुळला तरी अक्षरं ताडून पाहावीच लागतात, कारण वेगळ्या स्ट्रिंगचा हॅशही सारखा येऊ शकतो. त्यामुळे नुसत्या `a` च्या मजकुरात नुसत्या `a` चा पॅटर्न सगळीकडे शोधला, तर हॅशही पुन्हा `O(nm)` वरच येतो.