मार्गदर्शकाचा मृत्यू (कथातंत्र)

नायकाला विद्या, शस्त्र किंवा दिशा देणारी जाणती व्यक्ती कथा संपण्याच्या बरीच आधी मरते किंवा मारली जाते, ही कथारचनेतील एक जुनी योजना आहे. पुराणकथा, लोकनाट्य, कादंबरी आणि चित्रपट या सगळ्यांत ती आढळते. हा मृत्यू पानांच्या हिशेबाने बरोबर मध्यावर येतोच असे नाही. नायक अर्धा तयार झाला आहे आणि मोठे संकट अजून पुढे आहे, अशा जागी तो येतो.

वाचकाला रडवणे हा या मृत्यूचा हेतू असतो, असे सर्रास मानले जाते. रडू येते हे खरे. पण लेखकाची अडचण वेगळी असते. मार्गदर्शक नायकापेक्षा सरस असतो, म्हणूनच तो मार्गदर्शक. तो शेजारी उभा असेपर्यंत कोणतेही संकट पुरते भयंकर वाटत नाही, कारण नायकाचे चुकले तर सावरायला कोणीतरी आहे. त्याला शहाणा दाखवले आहे, तेव्हा येणारा धोका त्याला आधी दिसलाच पाहिजे. दिसूनही तो गप्प बसला तर वाचक त्याच्यावर चिडतो, आणि बोलला तर निर्णय त्याचा होतो, नायकाचा राहत नाही. या पेचातून सुटायला लेखकापुढे वाटा थोड्याच. म्हाताऱ्याला दूर धाडायचे, जायबंदी करायचे, नाहीतर मारायचे. दूर गेलेल्याला निरोप धाडता येतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारता येते. मेलेल्याला विचारता येत नाही, आणि तो मदतीला का आला नाही असा सवालही कोणी करत नाही.

ही योजना किती बारकाईने वापरता येते ते वाल्मीकिरामायणातील जटायूच्या प्रसंगात दिसते. जटायू हा रूढ अर्थाने गुरू नाही. तो दशरथाचा मित्र आहे, पंचवटीत सीतेवर लक्ष ठेवण्याचे वचन त्याने आपण होऊन दिले आहे, आणि वनवासात रामाला वडिलांच्या जागी तोच उरला आहे. रावणाशी झुंजून पंख छाटलेला हा गृध्र रामाला रक्ताने माखलेला दिसतो. हाच पक्ष्याच्या रूपातला राक्षस, यानेच सीतेला खाल्ले असणार, अशा समजुतीने राम बाण जोडतो. तेव्हा जटायू सांगतो की, ज्या देवीला तू वनात औषधीसारखी धुंडाळतो आहेस ती आणि माझे प्राण, दोन्ही रावणाने हिरावले.

यापुढे राम जे प्रश्न विचारतो ते रचनेच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. तो राक्षस दिसतो कसा, त्याचे बळ किती, तो करतो काय, आणि त्याचे घर कुठे? जटायू थोडीच उत्तरे देतो. रावण सीतेला घेऊन दक्षिणेकडे गेला. ज्या घटकेला त्याने तिला नेले तो ‘विन्द’ नावाचा मुहूर्त होता. त्या मुहूर्तावर गेलेले धन धन्याला परत मिळते. तो विश्रव्याचा पुत्र आणि कुबेराचा भाऊ, एवढे सांगताना त्याचा प्राण जातो. राम ‘बोल, बोल’ म्हणत राहतो. हे रूढ पाठानुसार अरण्यकांडाच्या ६८व्या सर्गात घडते.

म्हणजे शत्रूचे नाव मिळाले, कुळ मिळाले, दिशा मिळाली, सीता परत मिळेल हा भरवसाही मिळाला. घर कुठे, हे तेवढे राहिले. जटायू आणखी चार शब्द बोलला असता तर रामाने सरळ समुद्र गाठला असता आणि किष्किंधाकांडाचे कारणच उरले नसते. उत्तर अपुरे राहिले म्हणून रामाला कबंध राक्षसाचे ऐकावे लागते, सुग्रीवाशी मैत्री करावी लागते, वालीला मारण्याचा वादग्रस्त निर्णय स्वतःच्या माथी घ्यावा लागतो आणि वानरांना चारी दिशांना पाठवावे लागते. गंमत अशी की राहिलेले उत्तर शेवटी जटायूच्याच घरातून येते. दक्षिण समुद्रकाठी हताश बसलेल्या वानरांना त्याचा थोरला भाऊ संपाती भेटतो आणि शंभर योजनांपलीकडची लंका दाखवतो. तेव्हा मात्र समुद्र ओलांडू शकणारा हनुमान रामाच्या बाजूला आलेला असतो. हेच उत्तर अरण्यकांडात मिळाले असते तर राम-लक्ष्मणांना त्याचा काहीच उपयोग नव्हता.

मार्गदर्शक मरताना काय देऊन जातो याइतकेच तो काय न सांगता जातो, हे लेखकाला ठरवावे लागते. दिलेले फार झाले की नायक निरोप्या होतो. फार थोडे दिले तर त्याचा पुढचा विजय नशिबाचा वाटतो.

मृत्यू हाच एक उपाय आहे असे मात्र रामायण मानत नाही. विश्वामित्र रामाला बला आणि अतिबला या विद्या देतो, अस्त्रे देतो, मिथिलेला नेतो, आणि लग्न आटोपताच उत्तरेच्या पर्वताकडे निघून जातो. नागपूरच्या ईशान्येला असलेल्या रामटेकच्या टेकडीवर अगस्त्यांचा आश्रम होता, अशी स्थानिक श्रद्धा आहे. ते अगस्त्यही रामाला धनुष्य, अक्षय भाते आणि खड्ग देतात, पंचवटीची वाट दाखवतात आणि जिवंतच मागे राहतात. या दोघांना मारण्याची गरज पडत नाही, कारण ऋषी आपल्या तपाला परत जाणार हे ऐकणाऱ्याला आधीच मान्य असते. जटायूला तशी सोय नाही. त्याने सीतेचे रक्षण करायचा शब्द दिला होता. तो जिवंत असून बाजूला राहिला असता तर शब्द मोडला असता.

आधुनिक काळातले ठळक उदाहरण १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाचे आहे, कारण तिथे ही अडचण लेखकाला ऐन कामात सापडली. ॲलेक गिनेस यांनी रंगवलेला वृद्ध योद्धा ओबी-वान पटकथेत जिवंत राहणार होता. चित्रीकरण चालू असताना लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांच्या लक्षात आले की शत्रूच्या तळावरून सुटका झाल्यावर या म्हाताऱ्याला काही कामच उरत नाही. शेवटच्या विमानहल्ल्याच्या वेळी तो नुसता उभा राहणार. म्हणून त्याला तळावरच द्वंद्वात मारले. शेवटी तरुण ल्यूक नेम धरायचे यंत्र बंद करून स्वतःच्या अंदाजाने मारा करतो. त्याच्या जरा आधी त्याला वृद्धाचा आवाज ऐकू येतो. पण कधी मारायचे, हे तो आवाज सांगत नाही; ‘फोर्स’ या अदृश्य शक्तीचा आधार घे, माझ्यावर विश्वास ठेव, इतकेच सांगतो. मेल्यानंतर बोलणाऱ्या मार्गदर्शकाला एवढीच मोकळीक परवडते.

योजना कुठे फसते ते पाहण्यासाठी काटोलकडची एक काल्पनिक कथा घेऊ. आजोबांची संत्र्याची बाग आहे आणि नागपुरातली नोकरी सोडून आलेला नातू ती शिकतो आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा असतो. ताण कमी पडला तर फूट पानांची येते, फुलांची येत नाही. जास्त झाला तर पानगळ होऊन फांद्या वाळतात. किती दिवस थांबायचे हे जमीन भारी की हलकी यावर असते, त्यामुळे आकडा पाठ करून भागत नाही. नातू रोज दिवस मोजतो आणि आबाजी म्हणतात, “कायची घाई हाये तुले? पान पाह्य आधी.” पान मलूल कसे होते, दुपारी माना टाकलेली पाने सकाळी पुन्हा तरतरीत होतात का, हे ते त्याला दाखवतात.

आबाजी ताण सुरू व्हायच्या आधीच गेले, तर ते पूर्वकथेत जमा होतात; नातवाला कोणी शिकवले हे वाचक विसरून जातो. फुले येऊन गेल्यावर गेले, तर सगळे निर्णय त्यांनीच घेतलेले असतात आणि मृत्यूपाशी फक्त हुंदका उरतो. त्यांची जागा ताणाच्या मध्यावर आहे. पाणी तोडलेले आहे, नातवाला पान वाचता येऊ लागले आहे, आणि त्यांचे दिवस उरकत असतानाच आभाळ भरून येते. अवकाळी पाऊस पडून ताण मोडला तर काय करायचे, हे आबाजींनी कधी सांगितलेले नाही. शेजारी एक सांगतात, कृषी केंद्रवाला दुसरेच सांगतो. नातू रोज सकाळी बांधावर जाऊन पाने पाहतो. आजोबांची शिकवण आणि त्यांनी न सांगितलेली गोष्ट, दोन्ही इथे एकाच वेळी कामाला येतात.

याच कथेत एखाद्या सावकाराने आबाजींचा खून केला, की नवशिक्या लेखकाला कथा जोरकस झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात नातवाला राग मिळतो, बाग मागे पडते आणि पाने पाहण्याचे सगळे शिक्षण वाया जाते. सूड ही वेगळी कथा आहे आणि तिला मार्गदर्शक लागत नाही, बळी लागतो. दुसरा दोष म्हणजे ट्रंकेत सापडणारी वही. आबाजींच्या वहीत अवकाळी पावसाचे उत्तर लिहिलेले निघाले, तर त्यांना मारलेच कशाला? मृत्यू खरोखर लागतो का हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. आबाजींना मरू न देता मुलीकडे अमरावतीला पाठवून पाहायचे. फोनवर विचारून प्रश्न सुटत असेल तर मृत्यूला काम आहे. फोन करूनही नातवाला स्वतःच ठरवावे लागत असेल, तर म्हातारा सुखाने अमरावतीला राहू शकतो, आणि बहुतेक वेळा कथा त्यामुळे अधिक चांगली होते.

या योजनेची मर्यादा महाभारतात दिसते. तिथे गुरू शत्रूच्या बाजूला आहे. युद्धाच्या पंधराव्या दिवशी ‘अश्वत्थामा मेला’ या अर्धसत्याने द्रोण शस्त्र खाली ठेवतात आणि धृष्टद्युम्न त्यांचे मस्तक उडवतो. आचार्यांना मारू नकोस, जिवंत आण, असे अर्जुन ओरडत राहतो. त्याचे शिक्षण कधीच पुरे झालेले होते, तेव्हा या मृत्यूने त्याला स्वावलंबन मिळत नाही. मिळतो तो दोष. युधिष्ठिराचा चार बोटे अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकतो आणि द्रोणपुत्राचा सूड रात्रीच्या कत्तलीपर्यंत जातो. भीष्मांचे याच्या उलट आहे. ते दहाव्या दिवशी पडतात, पण ५८ रात्री शरशय्येवर राहून, युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. तो उपदेश शांतिपर्व आणि अनुशासनपर्व भरून चालतो. लढाई संपलेली असल्यामुळे तो कितीही लांबला तरी कोणाचा निर्णय हिरावला जात नाही.