पासवर्ड हलवणे आणि पासवर्ड बदलणे

परभणीच्या मोंढ्यात माझ्या दाजींचे कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या दिवाळीनंतर दुकानाच्या संगणकावर क्रोममध्ये साठलेले त्यांचे सगळे पासवर्ड आम्ही बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये नेले. एकूण ७१ नोंदी होत्या आणि काम अर्ध्या तासात उरकले. दाजी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “चला, सगळं तिजोरीत गेलं न, आता कोन काय करतंय?” खरे पाहता अनेक खात्यांना एकच पासवर्ड असण्याच्या ज्या धोक्यासाठी आम्ही हा खटाटोप केला होता, तो त्या क्षणी तसूभरही कमी झालेला नव्हता. पासवर्ड फक्त हलले होते, एकही बदलला नव्हता, आणि या दोन गोष्टींची गल्लत बहुतेक जण करतात.

एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून ग्राहकांची माहिती फुटते, तेव्हा चोरांच्या हाती ई-मेल आणि पासवर्ड यांच्या जोड्या लागतात. त्या जोड्या ते यंत्राकरवी इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतात आणि जिथे दार उघडेल तिथे शिरतात. या सगळ्यात ते दाजींच्या संगणकाकडे फिरकतही नाहीत. त्यामुळे दाजींनी आपला पासवर्ड क्रोममध्ये ठेवला, डायरीत लिहिला की तिजोरीत कोंडला, याने चोरांना काही फरक पडत नाही. मोंढ्यातल्या दहा गाळ्यांना एकच किल्ली चालत असेल, तर ती किल्ली लोखंडी कपाटात ठेवल्याने कुलुपे वेगळी होत नाहीत.

म्हणून हलवणे निरर्थक ठरत नाही, पण त्याचा उपयोग वेगळा आहे. दुकानातल्या संगणकावर मुनीमजी आणि कामाचा मुलगा असे दोघेही बसतात, आणि त्यावर विंडोजचा पासवर्ड नसल्यामुळे त्यांच्यापैकी कोणालाही क्रोममधले पासवर्ड पाहता आले असते. आता तिजोरीला स्वतंत्र मास्टर पासवर्ड आहे आणि पाच मिनिटे कोणी हात लावला नाही तर ती आपोआप बंद होते. मात्र संगणकात पासवर्ड चोरणारा व्हायरस शिरलेला असेल, तर उघडी तिजोरीही त्याच्यापासून सुरक्षित नसते.

निवड करताना आम्ही दोनच गोष्टींची तुलना केली. कीपासएक्ससी ही पासवर्ड एकाच फाइलमध्ये कुलूपबंद ठेवते आणि ती फाइल आपल्याच संगणकात राहते, पण फोन आणि संगणक यांच्यातील मेळ आपला आपण ठेवावा लागतो. बिटवॉर्डन तीच तिजोरी कुलूपबंद स्वरूपात कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून हा मेळ स्वतः सांभाळते. दाजी अर्धे व्यवहार फोनवर करतात, त्यामुळे वाद फार चालला नाही. एकाच संगणकावर काम करणाऱ्या आणि फाइलची प्रत नेमाने काढणाऱ्या माणसाला मी कीपासएक्ससीच सुचवेन.

हलवताना एकाच जागी खरी जोखीम असते. क्रोम आपले पासवर्ड ज्या फाइलमध्ये काढून देतो, तिची पहिली ओळ अशी असते:

```
name,url,username,password,note
```

त्याखाली सगळे पासवर्ड उघडे, वाचता येतील असे लिहिलेले असतात. ही फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवणे किंवा आपोआप ड्राइव्हवर चढणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवणे म्हणजे डायरी चौकात विसरण्यासारखे आहे. आम्ही बिटवॉर्डनच्या संकेतस्थळावर Import data मध्ये ती चढवली, चार-पाच नोंदी जुळतात का हे तपासले आणि लगेच फाइल पुसून रिसायकल बिनही रिकामी केली. पुन्हा चढवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण प्रत्येक नोंद दोनदा दिसू लागते.

त्यानंतर बदलण्याचे काम सुरू झाले. क्रोममधील पासवर्ड तपासणीत २९ खात्यांना तंतोतंत एकच पासवर्ड असल्याचे दिसले. परंतु ही तपासणी फक्त हुबेहूब सारखे पासवर्ड मोजते. डोळ्यांनी यादी चाळली, तेव्हा आणखी ११ ठिकाणी तोच शब्द सापडला, फक्त कुठे शेवटी 1 होता, कुठे @123. चोरांची यंत्रे असले फेरफारही करून पाहतात, म्हणून आम्ही ही सगळी ४० खाती एकाच पासवर्डची धरली.

ही चाळीस खाती एका बैठकीत बदलायला घेतली की माणूस पंधराव्यावर कंटाळतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी ई-मेल, कारण बाकी बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलो’चा दुवा तिथेच येतो. ते हातून गेले तर बाकीचे नवे पासवर्डही फुकट. त्याच बैठकीत ई-मेलला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावली आणि इतर उपकरणांवर उघडी असलेली सत्रे बंद केली. मग बँक, मग जीएसटी, मग बियाणे-खतांच्या कंपन्यांची डीलर पोर्टल. पहिल्या संध्याकाळी सहा खाती झाली. उरलेली, जेव्हा ज्या खात्यात जायची वेळ येईल तेव्हा तिथल्या तिथे बदलायची, असे ठरले.

यात एकदा आम्ही तोंडघशी पडलो. एका कंपनीच्या डीलर पोर्टलवर तिजोरीने बनवलेला २४ अक्षरी पासवर्ड टाकला, ‘बदल यशस्वी’ असा संदेश आला, आणि दुसऱ्या दिवशी ऐन ऑर्डरच्या वेळी दार उघडेना. पोर्टलने काही न सांगता फक्त पहिली १६ अक्षरे ठेवली होती, हे नंतर १६ अक्षरे टाकून पाहिल्यावर कळले. तेव्हापासून आमचा रिवाज असा: नवा पासवर्ड आधी तिजोरीत जतन करायचा, मग पोर्टलवर टाकायचा, आणि लगेच गुप्त विंडो उघडून तिथून नव्याने प्रवेश करून पाहायचा. तिथे अडले तर जुनी खिडकी अजून उघडी असते आणि दुरुस्ती जागच्या जागी होते. जुना पासवर्डही नोंदीच्या इतिहासात सापडतो.

तिजोरीची किल्ली बदलली म्हणजे आतले पासवर्डही बदलले, अशी गल्लत मास्टर पासवर्डच्या बाबतीतही होते. २०२२ साली लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या कुलूपबंद प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता, त्यांनी तो नंतर बदलला तरी चोरांकडची प्रत जुन्याच किल्लीने उघडणार होती. त्यामुळे आतला प्रत्येक पासवर्ड बदलणे हाच त्यांच्यापुढे मार्ग होता. दाजींसाठी आम्ही फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या डाइसवेअर यादीतून सहा शब्द निवडले. ते कागदावर लिहून ताईच्या कपाटात ठेवले आहेत, कारण मास्टर पासवर्ड विसरला तर बिटवॉर्डनलाही तो सांगता येत नाही.

तीन महिन्यांनी चाळीसपैकी सात खाती उरली आहेत. त्यांना जोडलेला मोबाइल नंबर बंद पडल्यामुळे ओटीपी येत नाही आणि पासवर्ड बदलता येत नाही. तिथे अजून तोच जुना शब्द आहे. त्यातले एखादे खाते उद्या फुटले, तर चोराला २०१९ सालच्या दोन फवारणी पंपांची ऑर्डर दिसेल, आणि तो शब्द त्याने इतरत्र लावून पाहिला तर फार तर उरलेल्या सहा ओसाड खात्यांची दारे उघडतील.