इतिवृत्त आणि सभेनंतरचा मेल

आमच्या गृहनिर्माण सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आलं, तेव्हा पहिले काही महिने मी इतिवृत्ताचीच प्रत व्यवस्थापक समितीच्या सगळ्यांना मेलने पाठवत असे. वेगळं काही लिहायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. मेल जायचा, दोघंतिघं "मिळाला" असं कळवायचे, आणि पुढच्या सभेला बसलो की मागच्या सभेतली निम्मी कामं जागच्या जागी असायची. कुणी टाळाटाळ केली असंही नव्हतं. प्रत्येकाला वाटलेलं असायचं की ते काम दुसरं कुणीतरी बघतंय.

इतिवृत्त आणि सभेनंतरचा मेल हे दोन्ही कागद एकाच सभेतून निघतात, दोन्हींत त्याच निर्णयांचा उल्लेख असतो, म्हणून ते एकच वाटतात. पण इतिवृत्त सभेच्या वतीने बोलतं आणि मागे पाहतं. काय ठरलं, कुणाच्या संमतीने ठरलं, विरोध कुणाचा होता, हे उद्या लेखापरीक्षकाने, बँकेने किंवा एखाद्या सभासदाने विचारलं तर दाखवायला ते असतं. सभेनंतरचा मेल पुढे पाहतो. उद्या सकाळी कुणी कुणाला फोन करायचा, एवढंच त्याला सांगायचं असतं.

एका खऱ्यासारख्या सभेवरून हे जास्त स्पष्ट होईल. समजा, रविवार, ३ मे रोजी समितीची सभा झाली. विषय होता लिफ्टच्या मशीनरूमशेजारच्या गच्चीचा. तिथून गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात गळती झाली होती. पाऊणेक तास चर्चा चालली. कुणी म्हणालं पूर्ण गच्चीच करून घ्या, कुणी म्हणालं मागच्या कंत्राटदाराने तीन वर्षांत काम वाया घालवलं, खजिनदारांनी निधीची स्थिती सांगितली, आणि शेवटी तेवढ्याच भागाचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी करायचं ठरलं. इतिवृत्तात ते असं येईल:

"विषय क्र. ३: गच्चीच्या गळतीबाबत विचार करणे. सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन, मशीनरूमलगतच्या गच्चीच्या भागाचे वॉटरप्रूफिंग करून घेण्यात यावे, त्यासाठी रु. ९०,०००/- पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात यावी व किमान तीन दरपत्रके मागविण्यात यावीत, असे ठरविण्यात आले. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली सूचक आणि अनुमोदक. यात काहीही चुकलेलं नाही. इतिवृत्त असंच असावं.

आता यातली क्रियापदं पाहा. करून घेण्यात यावे, देण्यात यावी, मागविण्यात यावीत, ठरविण्यात आले. एकाही वाक्याला कर्ता नाही. इतिवृत्तात हे योग्यच आहे, कारण निर्णय कुणा एकट्याचा नसतो, सभेचा असतो. पण हीच वाक्यं मेलमध्ये गेली की काम पोरकं होतं. दरपत्रकं मागविण्यात यावीत, पण मागवायची कुणी? आपल्या मराठीत ही सोय फार हाताशी आहे. शाळेपासून अर्ज, नोटिसा, परिपत्रकं याच वळणाची वाचलेली असतात, त्यामुळे जरा औपचारिक लिहायला बसलं की हात आपोआप तिकडे वळतो. माझ्या मते सभेनंतरचा मेल बिघडतो तो सगळ्यात जास्त या एका सवयीने. म्हणून मेल लिहून झाला की मी त्यात "ण्यात" शोधतो आणि सापडेल तिथे वाक्य उलटवून माणूस पुढे आणतो.

त्याच सभेचा मेल असा होतो. प्रत्यक्षात पदांच्या जागी नावं असतात, इथे पदंच ठेवली आहेत.

विषय: ३ मे समिती सभा – गच्चीचं काम, कुणी काय करायचं

नमस्कार,

ठरलं: मशीनरूमशेजारच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग ३१ मेच्या आत, रु. ९०,००० पर्यंत.

१. बी विंगचे सदस्य तीन कंत्राटदारांची दरपत्रकं आणतील: गुरुवार, ७ मे, रात्री ८ पर्यंत. पाणी भरून चाचणीचा खर्च दरात धरलेला हवा.

२. खजिनदार तिन्ही दरांचा तक्ता करून समितीला पाठवतील: शनिवार, ९ मे.

३. सचिव वर्क ऑर्डर देतील: सोमवार, ११ मे.

४. अध्यक्ष काम पूर्ण झाल्याचं पाहतील: गुरुवार, २८ मे. त्यानंतर ४८ तास पाणी साठवून खाली ओल येते का, तेही तेच पाहतील: रविवार, ३१ मे.

ठरलं नाही: पार्किंग शुल्कवाढ. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतो.

काही चुकीचं नोंदलं गेलं असेल तर मंगळवार, ५ मेपर्यंत याच मेलला उत्तर द्या.

एवढाच मेल. पाऊण तासाच्या चर्चेतलं इथे काय उरलं? मागच्या कंत्राटदाराचा विषय निघाला होता, त्यावर दोघं जरा तापलेही होते. त्यातलं काहीच मेलमध्ये नाही. पण चर्चेतून आलेली एक गोष्ट मुद्दाम ठेवली आहे: चाचणीचा खर्च दरात धरलेला हवा. मागच्या वेळी काम संपल्यावर पाणी भरून पाहिलंच नव्हतं, हे त्या वादातच पुढे आलं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: हे वाक्य काढलं तर काम करणारा माणूस काही वेगळं करून बसेल का? चाचणीचं वाक्य काढलं तर बी विंगचे सदस्य चाचणीशिवायचे दर आणतील, आणि एकाच्या दरात चाचणी धरलेली, दुसऱ्याच्या नाही, असं झालं की खजिनदारांच्या तक्त्याला अर्थ उरणार नाही. म्हणून ते ठेवायचं. आधीच्या कंत्राटदाराने काय केलं, हे काढलं तर कुणाच्याही कामात फरक पडत नाही. शिवाय ते लेखी फिरलं की विषय गच्चीवरून माणसावर जातो आणि पुढचे चार मेल खुलाशांचे येतात.

एका कामापुढे एकच नाव, हेही बघण्यासारखं आहे. "बी विंगचे सदस्य व खजिनदार" असं लिहिलं की दोघंही एकमेकांच्या फोनची वाट पाहतात. मदत कितीही जणांची होऊ दे, नाव एकाचं. आणि तो माणूस सभेला नसेल, तर मेल पाठवायच्या आधी त्याला फोन करून विचारायचं. आपल्या नावावर काम पडल्याचं इतरांसोबत मेलमधून कळलं तर माणूस दुखावतो, आणि ते बरोबरच आहे.

तारखेच्या बाबतीत मराठीत आणखी एक अडचण आहे. सोमवारी लिहिलेल्या मेलमध्ये "पुढच्या शुक्रवारी" म्हटलं, तर काहींना याच आठवड्यातला शुक्रवार वाटतो, काहींना त्यानंतरचा. "परवा" तर मागचाही असतो आणि पुढचाही. बोलताना सुरावरून, क्रियापदावरून कळतं, पण मेल चार दिवसांनी उघडणाऱ्याला "परवा" कुठून मोजायचा तेच कळत नाही. "आठ-दहा दिवसांत", "महिनाअखेरीकडे", "लवकरात लवकर" हे शब्द सभेत ऐकले की मी तिथल्या तिथे विचारतो, म्हणजे कोणती तारीख? वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, कारण तारीख लिहिताना चूक झाली तर वार जुळत नाही आणि कुणाच्या तरी लक्षात येतं. तारखा शेवटाकडून मागे मोजत आणायच्या. वरच्या मेलमधली ७ मे मनाने ठरलेली नाही. मुंबईकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरावा लागतो, त्याआधी चाचणी आणि ओल दिसलीच तर दुरुस्तीला आठवडाभर हवा, चाचणीआधी कामाला दोन-अडीच आठवडे, त्याआधी वर्क ऑर्डर. असं मागे येत येत दरपत्रकांसाठी चारच दिवस उरतात.

"ठरलं नाही" ही ओळ नव्या माणसाला अनावश्यक वाटते. पण ज्यावर बराच वेळ बोलणं झालं, ते ठरलंच असं काहींच्या मनात पक्कं बसतं. मग कुणीतरी पार्किंग वाढणार म्हणून शेजाऱ्याला सांगतं आणि दुसऱ्या दिवशी सचिवाच्या दारात लोक उभे राहतात.

मग एवढा चांगला मेल असताना इतिवृत्त कशाला, असा प्रश्न मला एका तरुण सदस्याने विचारला होता. कारण मेलने ठराव होत नाही. खात्यावर सही करणारे बदलायचे असले की बँक ठरावाची प्रत मागते, मेल चालत नाही. खर्चाला मंजुरी होती का, हे लेखापरीक्षक इतिवृत्त पुस्तकात पाहतो. आणि एखाद्या सदस्याचा विरोध असेल, तर तो नोंदवून घ्यायची त्याची हक्काची जागा इतिवृत्त आहे. मेलमध्ये विरोध लिहिला तर तो भांडणासारखा वाचला जातो, इतिवृत्तात तो नोंद म्हणून राहतो.

उलट बाजूने इतिवृत्त मेलचं काम का करू शकत नाही, ते घड्याळावरून कळतं. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम होतं. समितीची सभा साधारण महिन्याने होते, म्हणजे ३ मेचं इतिवृत्त जूनच्या सुरुवातीला कायम होणार. तोपर्यंत थांबलो असतो तर दरपत्रकं हातात पडेपर्यंत गच्चीवर पाणी साठलेलं असतं. म्हणून मेल त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जायला हवा. इतिवृत्त नंतर शांतपणे लिहिता येतं, आणि माझा अनुभव असा की आधी मेल लिहिला की इतिवृत्तही नेमकं होतं, कारण नक्की काय ठरलं याचा निकाल दुरुस्तीच्या उत्तरांतून लागलेला असतो.

एका ठिकाणी मात्र फार जपावं लागतं. सभा संपल्यावर जिन्यात दोघंतिघं बोलतात, कुणीतरी म्हणतं, एक लाखापर्यंत जाऊ दे, अध्यक्ष मान डोलावतात. मेल लिहिताना ते ताजं असतं आणि सहज ९०,००० चे १,००,००० होतात. तसं करायचं नाही. सभेत ठरलं तेच मेलमध्ये. जिन्यातलं बोलणं महत्त्वाचं वाटलं तर स्वतंत्र मेलने सगळ्यांपुढे ठेवायचं आणि पुढच्या सभेत रीतसर ठराव करायचा. मेल आणि इतिवृत्त यांत वेगवेगळे आकडे सापडले तर आधार इतिवृत्ताचाच धरला जातो, आणि मेलवर विसंबून वर्क ऑर्डर देणारा सचिव अडचणीत येतो.

चूक लक्षात आलीच तर जुना मेल बदलून नव्याने पाठवायचा नाही, त्याच मेलला उत्तर देऊन एकच ओळ लिहायची: "दुरुस्ती: क्र. २ ची तारीख शनिवार, ९ मे ऐवजी रविवार, १० मे." मग खजिनदारांनी ते उत्तर उघडलं की खाली जुनी आणि वर नवी तारीख दोन्ही दिसतात, आणि पुढच्या सभेत तीच दुरुस्ती पाहून इतिवृत्त कायम करता येतं.