रिझल्ट लागला नाही किंवा सप्लिमेंटरी दिलीय? मग फॉर्ममधली 'पास' तारीख नीट बघा

आमच्याकडं भरतीचा फॉर्म भरायला येताना बहुतेक जण लास्ट सेमची मार्कशीट घेऊन येतात आणि म्हणतात हीच तारीख टाका. पण पास झाल्याची तारीख म्हणजे परीक्षा दिली तो दिवस नाही आणि पदवीदान झालं तो दिवस पण नाही. सगळे विषय सुटल्यावर जो रिझल्ट लागतो, त्या रिझल्टची तारीख टाकायची.

समजा बार्शीचा एक मुलगा, बीकॉम, सोलापूर विद्यापीठ. सहावं सेम क्लिअर झालं, मार्कशीटवर १८ जून. पण पाचव्या सेमचा एक विषय राहिला होता, तो सप्लिमेंटरीत सुटला आणि रिझल्ट आला १४ ऑगस्टला. आता फॉर्ममध्ये १८ जून टाकली तर कागदपत्र तपासणीत ते सापडतंच, कारण पाचव्या सेमची दुसरी मार्कशीट पण दाखवावी लागते. त्यामुळं त्याची खरी तारीख १४ ऑगस्ट. जाहिरातीत शैक्षणिक पात्रतेची कट-ऑफ १ ऑगस्ट असेल तर तो त्या भरतीला बसतच नाही, ऐकायला वाईट वाटतं पण फी भरायच्या आधी कळलेलं बरं. टक्केवारी पण आता जी सगळे विषय सुटल्याची मार्कशीट आहे तिच्यावरूनच, आधीचे नापासाचे मार्क त्यात धरायचे नाहीत.

ज्यांचा रिझल्ट अजून यायचाच आहे त्यांनी आधी जाहिरात वाचा. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वला शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात, मात्र मुख्यचा अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत पास झालेलं पाहिजे. एसएससी सीजीएलला तसं नाही, तिथं कट-ऑफपर्यंत रिझल्ट जाहीर झालेला लागतो, विद्यापीठात पेपर तपासणी चालू आहे हे कारण चालत नाही. आयबीपीएसला पण ठरलेल्या तारखेपर्यंत पदवीचा रिझल्ट लागलेला पाहिजे.

फॉर्ममध्ये 'Appearing' किंवा 'Appeared' असं असेल तर तेच निवडा, मग टक्केवारीचा रकाना बहुतेक वेळा आपोआप बंद होतो. नाही झाला तर पाच सेमची सरासरी काढून टाकू नका ओ, लय जण तसंच करतात आणि नंतर मार्कशीटशी जुळत नाही म्हणून अडकतात. आणि यादीत फक्त 'Passed' च असेल तर ती भरती बहुधा अपिअरिंगवाल्यांना नाहीच, जाहिरात परत बघा, अंदाजानं 'Passed' करू नका.

मूळ मार्कशीट उशिरा मिळते, तोवर ऑनलाइन रिझल्टची प्रिंट ठेवा, पण तिच्यावर बऱ्याचदा नुसतं पास असतं, तारीख नसते. तसं असेल तर कॉलेज किंवा विद्यापीठाकडून रिझल्ट कोणत्या तारखेला जाहीर झाला असं लिहिलेलं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. येताना सप्लिमेंटरीच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही मार्कशीट आणा, एकच आणली तर तारीख आम्हाला पण सांगता येत नाही.