45611 म्हणजे कुठली तारीख? या आकड्यामागची गोष्ट

मार्केट यार्डात मामांची गुळाची अडत आहे, त्यांच्या सौद्यांची शीट परवा उघडली तर तारखेच्या कॉलमात सगळीकडं 45611, 45612 असले आकडे. मामा म्हणाले, सीझनभराच्या तारखा गेल्या की रे. पण तारखा गेलेल्या नसतात, कारण एक्सेल तारीख अशीच ठेवतं, दिवस मोजून. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, तिथनं पुढं रोज एक वाढतो, म्हणून 15 नोव्हेंबर 2024 म्हणजे 45611. दिसताना तारीख दिसते ती फक्त सेलच्या फॉरमॅटमुळं, तो General झाला की आतला आकडा उघडा पडतो. कॉलम सिलेक्ट करून Ctrl+1 दाबा, Date निवडा, झालं. तरी आकडाच राहिला आणि तो सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेला असेल तर तो टेक्स्ट आहे, शेजारच्या कॉलमात हे टाका आणि मग त्या कॉलमाला Date द्या:

```
=VALUE(A2)
```

आता खरी गंमत जुनी आहे. एक्सेलच्या आधी लोटस 1-2-3 चालायचं, 1983 चं, आणि त्यात 1900 हे लीप वर्ष धरलेलं, जे ते नव्हतं, कारण शतकाच्या वर्षाला 400 नं भाग जायला लागतो. लोटसच्या फायली नीट उघडाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूक तशीच घेतली, म्हणून आजही एक्सेलात 60 टाकून Date दिलं की 29 फेब्रुवारी 1900 येते, जो दिवस कधी उगवलाच नाही! गुगल शीट्सनं मोजणी 30 डिसेंबर 1899 ला शून्य धरून ठेवली, त्यामुळं 1 मार्च 1900 पासनं पुढं दोन्हीकडचे आकडे जुळतात.

मॅकवाल्या एक्सेलनं मात्र 1 जानेवारी 1904 ला शून्य धरून मोजायला घेतलं, 1900 चा घोळच टाळला, पण त्यामुळं दोन मोजण्यांत 1462 दिवसांचा फरक पडला, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. मामांच्या शीटमधल्या काही ओळी एका व्यापाऱ्याच्या जुन्या मॅकच्या फायलीतनं कॉपी केलेल्या, तिथं आकडा होता 44149. Date दिल्यावर 14 नोव्हेंबर 2020 आली, आणि मामा लगेच म्हणाले, त्या दिवशी तर लक्ष्मीपूजन होतं, आपण सौदा केलाच नाही. ही चूक ओळखायला अवघड, कारण तारीख दिसायला अगदी खरी वाटते, एखादी पावती काढून ताडूनच बघावं लागतं.

```
=A2+1462
```

एवढं केलं की 15 नोव्हेंबर 2024 परत आली, पावतीवरही तीच. फक्त हे त्या कॉपी केलेल्या ओळींनाच लावा, सगळ्या कॉलमाला लावलं तर बरोबर असलेल्या तारखा 2028 मध्ये जातील.