प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी

वार पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत, नाहीतर ४८ तासांच्या आत, गर्भाशयात तांबी बसवण्याची ही पद्धत आहे. सिझेरियनमध्ये गर्भाशयाला टाके घालण्याआधी त्याच छेदातून ती ठेवतात. ४८ तास उलटले की भारतात सहसा सहा आठवडे थांबण्याचा नियम आहे.

तांबी तीच, पण हात वेगळा लागतो. नुकतेच मोकळे झालेले गर्भाशय बेंबीपर्यंत पोचलेले, मऊ आणि पुढे वाकलेले असते. नेहमीची बसवायची नळी तिथे तोकडी पडते. म्हणून तांबी लांब चिमट्यात धरतात, दुसऱ्या हाताने पोटावरून गर्भाशय वर ढकलून ते वळण सरळ करतात आणि तांबी थेट माथ्यापर्यंत नेतात. चिमटा उघडून कडेने अलगद काढावा लागतो, नाहीतर तांबी त्याच्याबरोबर खाली ओढली जाते. ती माथ्याशी न पोचता खाली राहिली तर पडण्याची शक्यता वाढते.

पडणे हाच या पद्धतीचा मुख्य तोटा. गर्भाशय आकुंचन पावत मूळ आकाराला येते, त्यामुळे ज्या तांब्या पडतात त्यांतल्या बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच सरकतात. २०१८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात योनीमार्गे प्रसूतीनंतर लगेच बसवलेल्या तांब्यांपैकी सुमारे १५ टक्के, सिझेरियनमध्ये सुमारे ४ टक्के आणि नंतरच्या भेटीत बसवलेल्यांपैकी सुमारे २ टक्के पडल्याचे दिसले.

या आकड्यांवरून थांबणेच बरे असे वाटते, पण त्यात नंतरच्या भेटीला न आलेल्या बायका मोजलेल्याच नसतात. समजा, योनीमार्गे बाळंत झालेल्या शंभरजणींना लगेच तांबी बसवली, तर ८५ जणींकडे ती टिकते. शंभरजणींना सहा आठवड्यांनी बोलावले आणि ८७ आल्या, तरीही टिकणाऱ्या ८५च. त्याहून कमी आल्या की लगेच बसवणे सरस ठरते. आपल्याकडे तर बाळंतपण माहेरी होते आणि सव्वा महिन्याने बाळंतीण सासरी निघते. म्हणजे बोलावण्याची वेळ आणि परतीची वेळ एकच. अंगावर पाजणारी, पाळी न आलेली बाई निर्धास्त असते, पण बीज पहिल्या पाळीआधीही सुटू शकते.

पडलेली तांबी कळली तर पुन्हा बसवता येते. न कळता पडली तर गर्भ राहतो. म्हणून सहा आठवड्यांची तपासणी इथेही हवीच. दोरा अचानक लांबला, कडक टोक हाताला लागले किंवा पोटात कळा आल्या तर त्याआधीच दाखवावे. अर्धवट सरकलेली तांबी काढूनच टाकतात. दोरा दिसला नाही म्हणजे ती पडलीच असे नाही; सिझेरियननंतर तो बरेचदा वरच गुंडाळलेला राहतो. अशा वेळी सोनोग्राफी करावी आणि खात्री होईपर्यंत निरोध वापरावा.

पाणमोट फुटून १८ तासांहून अधिक झाले असतील, ताप आणि जंतुसंसर्ग असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर त्या वेळी तांबी बसवत नाहीत. संमती गरोदरपणाच्या तपासण्यांतच, शांतपणे बोलून घ्यायची असते. जोराच्या कळांमध्ये विव्हळणाऱ्या बाईने मान हलवली, तर ती संमती धरता येत नाही.